मानसोपचार वॉर्डातल्या सिस्टर 'नाही' कसं म्हणतात?

तुम्ही एखाद्याला 'नाही' म्हणालात आणि समोरून उत्तर आलं, "ठीक आहे, मग मी माझ्या जिवाचं काहीतरी करून घेते," तर तुम्ही काय कराल? घाबरून लगेच 'हो' म्हणाल, की वैतागून 'कर काय करायचं ते' म्हणाल? बहुतेक घरांत या दोनपैकी एक गोष्ट होते. पहिल्यात समोरच्याला कळतं की धमकी दिली की काम होतं. दुसऱ्यात खरोखरच जीव जाऊ शकतो.

मानसोपचार वॉर्डात काम करणाऱ्या नर्सला यातलं काहीच करून चालत नाही. तिला तिसरी वाट शिकावी लागते. नर्सिंगमध्ये तिला लिमिट सेटिंग म्हणतात, आपण 'मर्यादा आखणं' म्हणू. ऐकायला हे शिस्त लावण्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात ते बरंच वेगळं काम आहे. ते कसं चालतं, कुठे फसतं आणि फसलं हे कसं ओळखायचं, ते आज समजून घेऊया.

आधी तीन गट समजून घ्या

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. कुणी संशयी, कुणी तापट, कुणी अतिकाळजी करणारा. याला आजार म्हणत नाहीत. पण विचार करण्याची, भावना हाताळण्याची आणि नाती जपण्याची एखाद्याची पद्धत इतकी ताठर झाली असेल, की घर, कॉलेज, नोकरी सगळीकडे वर्षानुवर्षं तोच त्रास होतो, तर डॉक्टर व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतात. एखाद्या वाईट दिवसावरून किंवा एका भांडणावरून हे निदान होत नाही.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत असे १० विकार आहेत आणि त्यांचे ए, बी, सी असे तीन गट केले आहेत. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हेच गट शिकवतात, कारण गट कळला की रुग्णाशी कसं वागायचं याचा पहिला अंदाज येतो.

ए गटातली माणसं इतरांना विचित्र किंवा तुटक वाटतात. पॅरानॉइड माणसाला सगळ्यांच्या हेतूंचा संशय येतो, स्किझॉइड माणसाला एकटंच राहायचं असतं आणि स्किझोटायपल माणसाच्या समजुती चमत्कारिक असतात. इथे नर्सचं मुख्य काम म्हणजे अंतर राखणं, दिलेला शब्द पाळणं आणि उगाच जवळीक न करणं.

सी गटाच्या मुळाशी भीती आणि काळजी असते. अव्हॉयडंट माणूस नाकारलं जाण्याच्या भीतीने लोकांना टाळतो, डिपेंडंट माणूस प्रत्येक निर्णय दुसऱ्यावर सोपवतो आणि ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह माणसाला सगळं नियमानेच हवं असतं. इथे नर्स हळूहळू छोटे निर्णय रुग्णालाच घ्यायला लावते.

बी गटात भावना आणि कृती एकदम उसळतात. अँटिसोशल, बॉर्डरलाइन, हिस्ट्रिऑनिक आणि नार्सिसिस्टिक हे चार विकार या गटातले. वॉर्डात मर्यादा आखण्याची वेळ सर्वांत जास्त याच गटात येते, त्यातही बॉर्डरलाइन विकारात. या माणसांना कुणीतरी आपल्याला सोडून जाईल ही भीती फार तीव्र असते. मूड काही तासांत बदलतो, माणसं एकतर देव वाटतात नाहीतर राक्षस, आणि असह्य झालं की ती स्वतःला इजा करून घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने हे वेगवेगळे प्रकार बाजूला ठेवून विकार किती तीव्र आहे यावर भर दिला आहे. बॉर्डरलाइनची खूण मात्र तिथेही कायम ठेवली आहे. म्हणजे गट हे सोयीसाठी आहेत. एकाच माणसात दोन गटांची लक्षणंही दिसू शकतात.

'नाटकं करतेय' म्हणण्याआधी

अशा रुग्णांबद्दल वॉर्डात एक शब्द सहज वापरला जातो, मॅनिप्युलेटिव्ह. म्हणजे दुसऱ्याला हवं तसं वळवणारी, डाव खेळणारी व्यक्ती. पण जरा विचार करा. खरोखर हुशारीने डाव खेळणारा माणूस पकडला जात नाही. ज्याचं वागणं सगळ्या वॉर्डाला दिसतं, ज्याच्यावर सगळे चिडतात आणि ज्याला शेवटी हवं ते मिळतही नाही, त्याला यशस्वी डावपेची कसं म्हणायचं?

बॉर्डरलाइन विकारातल्या माणसाला वेदना प्रचंड असते आणि ती साध्या शब्दांत मागण्याचं कौशल्य कमी असतं. हळू आवाजात मागितलं तर कुणी लक्ष देत नाही, ओरडलं की सगळे धावतात, हे त्याने आयुष्यभर अनुभवलेलं असतं. म्हणून तो ओरडतो. हे कारण समजलं तरी ओरडणं चालवून घ्यायचं असं नाही. पण नर्सने त्याला लबाड मानलं की तिची मर्यादा शिक्षा होते. घाबरलेला माणूस मानलं, तर तीच मर्यादा उपचार होते.

एक उदाहरण घेऊया

वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी गुंफून एक उदाहरण रचूया. एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात २४ वर्षांची एक मुलगी दाखल आहे. लग्न ठरलेल्या मुलाशी भांडण झालं आणि तिने झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या. दोन दिवस मेडिसिन वॉर्डात काढून, धोका टळल्यावर तिला इकडे हलवलं. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तिची आई सोबत राहते. डॉक्टरांना तिच्यात बॉर्डरलाइन विकाराची लक्षणं दिसली आहेत.

पहिल्या संध्याकाळी ती दुपारपाळीच्या सिस्टरांना म्हणते, "सिस्टर, इथे तुम्हीच एकट्या मला समजून घेता. सकाळच्या सिस्टर तर दगड आहेत. तुमच्या मोबाइलवरून मला त्याला एकच फोन करू द्याल का? कुणाला सांगू नका." सिस्टर नवीन आहेत, मनाने हळव्या आहेत. त्या पाच मिनिटं फोन देतात.

दुसऱ्या रात्री साडेनऊला ती रात्रपाळीच्या सिस्टरांकडे फोन मागते. त्या नाही म्हणतात. मुलगी ओरडते, "कालच्या सिस्टरांनी दिला होता! तुम्हाला माणुसकीच नाही. मी हात कापून घेईन!" आई रडत येते आणि सिस्टरांनाच बोलते. इतर रुग्ण जागे होतात. शेवटी वैतागून रात्रपाळीच्या सिस्टरही फोन देतात.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात दोन तट पडलेले असतात. काही सिस्टर म्हणतात, "बिचारी पोर, तिला प्रेमाची गरज आहे." काही म्हणतात, "नाटकी आहे, लाड बंद करा." दोन्ही बाजू एकमेकींवर नाराज असतात. आणि मुलगी? ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त अस्वस्थ असते. आज कोण 'हो' म्हणेल आणि कोण 'नाही', हे तिला कळेनासं झालेलं असतं.

यात चूक कुणा एकीची नाही. पण कळीची घटना कोणती, ते पाहा. नियम आधी एकदा वाकला आणि दुसऱ्यांदा आरडाओरड झाल्यावर वाकला. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा गोष्टीसाठी माणूस सर्वांत चिकाटीने मागे लागतो. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याचं तसंच असतं. नेहमी 'हो' म्हणण्यापेक्षा कधीतरी 'हो' म्हणणं जास्त महाग पडतं, ते यामुळे.

कर्मचाऱ्यांमध्ये पडणारी फूट

एका रुग्णामुळे सगळ्या टीममध्ये दोन तट पडतात, याला स्प्लिटिंग म्हणतात. हा अनुभव जुना आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या आल्फ्रेड स्टँटन आणि मॉरिस श्वार्ट्झ यांनी 'द मेंटल हॉस्पिटल' हे पुस्तक लिहिलं. एखाद्या रुग्णावरून कर्मचाऱ्यांमध्ये छुपे मतभेद असले की त्या रुग्णाची अस्वस्थता वाढते, असं त्यांना दिसलं. मतभेद उघडपणे बोलले गेले की रुग्णही शांत होत असे.

१९५७ मध्ये इंग्लंडच्या कॅसल हॉस्पिटलचे डॉक्टर टॉम मेन यांनी 'द एलमेंट' हा लेख प्रसिद्ध केला. नर्स रुग्णांना झोपेची औषधं नेमकी कधी देतात, याचा शोध घेताना त्यांना एक अवघड गोष्ट सापडली. औषध बहुतेकदा नर्सची स्वतःची सहनशक्ती संपते तेव्हा दिलं जात होतं. आणि काही 'खास' रुग्णांभोवती नर्स दोन गटांत विभागल्या जात होत्या. एका गटाला वाटे फक्त आपल्यालाच हा रुग्ण कळतो, दुसऱ्याला वाटे त्याचे उगाच लाड होतात.

यातून नर्सिंगने घेतलेला धडा साधा आहे. मर्यादा कुणा एका नर्सची नसते, ती सगळ्या टीमची असते. आपल्या उदाहरणातल्या इन्चार्ज सिस्टरही आता तेच करतात.

मर्यादा कशी आखली

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलताना इन्चार्ज सिस्टर सगळ्यांना वीस मिनिटं बसवतात. डॉक्टरही येतात. फोन कुणी दिला यावर कोर्ट भरत नाही. तिथे फक्त चार गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट फोनची. रोज संध्याकाळी ठरलेल्या तासात दहा मिनिटं फोन मिळेल. कुठल्याही सिस्टरचा स्वतःचा मोबाइल कधीच मिळणार नाही. फोन पूर्ण बंद करायचा नाही, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला संस्थेच्या नियमांना धरून योग्य वेळी फोन करण्याचा हक्क दिला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक पाळीत एक सिस्टर तिच्यासाठी नेमलेली असेल आणि ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं तिच्याजवळ बसेल. ती शांत असली तरी बसेल, चिडलेली असली तरी बसेल. या चौघींत हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्ष मिळवायला आता संकट उभं करावं लागत नाही. ते न मागताही येतं.

तिसरी गोष्ट बदलाची. कुठलीही सिस्टर एकटीने नियम बदलणार नाही. रुग्णाने काही नवं मागितलं तर उत्तर एकच, "सकाळच्या राउंडला सगळे मिळून ठरवू."

चौथी गोष्ट इजेची. स्वतःला इजा करावीशी वाटली तर तिने आधी कुठल्याही सिस्टरला सांगायचं. सांगितल्यावर सिस्टर हातातलं काम सोडून येईल. आणि तरीही इजा झालीच, तर जखमेची पूर्ण काळजी घेतली जाईल, टोमणे मारले जाणार नाहीत.

मग इन्चार्ज सिस्टर मुलीकडे जातात. ती शांत असताना जातात, भांडणाच्या मध्ये नाही. त्या चारही गोष्टी तिला समजावतात आणि विचारतात, "यातलं तुला काय जड जाईल?" मुलगी म्हणते, "सहा ते सात तो कामावर असतो, फोन उचलत नाही." इन्चार्ज सिस्टर डॉक्टरांशी बोलून वेळ साडेसहा ते साडेसात करतात. बदल छोटा आहे, पण नियम ठरवताना आपलं ऐकलं गेलं, हे मुलीला कळतं. मग चारही गोष्टी कागदावर लिहितात. एक प्रत तिच्याकडे, एक फाइलमध्ये.

आईलाही सांगावं लागतं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "काकू, तुम्हाला तिचं रडणं बघवत नाही, ते साहजिकच आहे. पण तुम्ही चोरून मोबाइल दिलात तर तिला वाटेल, रडल्याशिवाय काही मिळत नाही. आपण सगळ्यांनी एकच उत्तर देऊया."

वाक्य कसं बोलायचं

चौथ्या दिवशी रात्री पावणेदहाला मुलगी पुन्हा फोन मागते. रात्रपाळीच्या सिस्टर तिच्यापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला उभ्या राहतात. आवाज तिच्यापेक्षा खालच्या पट्टीत ठेवतात आणि म्हणतात:

"तुला आत्ता त्याच्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये, ते मला दिसतंय. फोन उद्या साडेसहाला मिळेल. आत्ता मी तुझ्याजवळ बसू शकते, नाहीतर त्याला जे सांगायचंय ते तू वहीत लिहून ठेव. आरडाओरडा चालू राहिला तर बाकीच्यांची झोप मोडते. मग आपण दोघी बाहेरच्या बाकावर बसू आणि शांत झालीस की आत येऊ."

या बोलण्यात चार भाग आहेत. आधी भावना मान्य केली. मग मर्यादा एका छोट्या वाक्यात सांगितली. मग दोन खरे पर्याय दिले. शेवटी, नाही ऐकलं तर काय होईल ते आधीच सांगितलं, आणि तो परिणाम सिस्टरांना खरोखर करता येण्यासारखा आहे. तो वागण्याशी जोडलेलाही आहे. आवाजाने झोप मोडते, म्हणून आवाज बाहेर न्यायचा. "उद्या आईला भेटू देणार नाही" असं त्या म्हणत नाहीत, कारण आईचा आणि आवाजाचा काही संबंध नाही.

काय बोलायचं नाही, तेही ठरलेलं असतं. "कितीदा सांगायचं तुला?", "तुझ्यापेक्षा जास्त आजारी लोक आहेत इथे", आणि सर्वांत वाईट म्हणजे "गप्प बस, नाहीतर इंजेक्शन देईन". शेवटचं वाक्य औषधाला शिक्षा बनवतं. पुढे खरंच औषधाची गरज पडली तर रुग्ण ते विश्वासाने कसं घेईल? नियमामागची कारणंही पुन्हा पुन्हा सांगत बसायची नसतात. कारण एकदा सांगायचं, पुढे फक्त मर्यादा शांतपणे सांगायची. लांबलेली चर्चा म्हणजे अजून वाटाघाटीला जागा आहे, असा अर्थ घेतला जातो.

त्रास आधी वाढतो

आता अवघड भाग. त्या रात्री सिस्टरांचं बोलणं अगदी नेमकं असूनही मुलगी शांत होत नाही. ती स्टीलचा ग्लास भिंतीवर फेकते आणि म्हणते, "बघाच तुम्ही, आज मी काहीतरी करूनच घेते."

जुना उपाय चालेनासा झाला की माणूस आधी तोच उपाय दुप्पट जोराने करून बघतो. लिफ्ट आली नाही तर आपणही बटण पुन्हा पुन्हा जोरात दाबतो, तसंच. मर्यादा नवीन असते तेव्हा हा उसळीचा काळ जवळपास हमखास येतो. पुष्कळ ठिकाणी मर्यादा फसते ती इथेच, कारण सगळ्यांना वाटतं की उपाय चुकला.

सिस्टर इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात, धोका आणि मागणी. धोक्याकडे त्या पूर्ण लक्ष देतात. "धमकी आहे, खरं करणार नाही" असं त्या मनातही म्हणत नाहीत. बॉर्डरलाइन विकारात आत्महत्येचा धोका खरा असतो आणि आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही, असं नसतं. त्या तिच्याजवळ जाऊन सरळ विचारतात, "आत्ता जीव द्यावासा वाटतोय का? जवळ काही ठेवलं आहेस का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उलट, बोलायला जागा मिळते. ग्लास आणि इतर वस्तू उचलल्या जातात, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं जातं, त्या रात्री एक जण सतत तिच्याजवळ राहते.

पण मागणीचं उत्तर बदलत नाही. फोन साडेसहालाच. धमकीने काळजी मिळते, फोन मिळत नाही. तुम्हाला या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सकाळी रात्रपाळीच्या सिस्टर पुढच्या पाळीला रिपोर्ट देतात. "पेशंट फार मॅनिप्युलेटिव्ह आहे, रात्रभर नाटकं केली" असं त्या लिहीत नाहीत. त्या लिहितात: रात्री ९.४५ ला फोन मागितला. नकार दिल्यावर ग्लास फेकला, जिवाला इजा करण्याबद्दल बोलली. विचारल्यावर मरावंसं वाटत असल्याचं सांगितलं, ठोस बेत नव्हता. डॉक्टरांनी १०.१५ ला तपासलं. जवळ सोबत ठेवली. एक वाजता झोपली. अशा रिपोर्टमधून पुढच्या सिस्टरला माहिती मिळते, मत नाही. फूट पडायची जागाच कमी होते.

मर्यादेलाही मर्यादा असते

मर्यादेच्या नावाखाली काय करायचं नाही, हे कायदाही सांगतो. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ९७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला एकांत कोठडीत ठेवता येत नाही. बांधून ठेवणं हे फक्त तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हा आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनेच करता येतं. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही. म्हणूनच आपल्या उदाहरणात सिस्टर मुलीला कुठे कोंडत नाहीत, "आपण दोघी बाहेर बसू" म्हणतात. जेवण, औषध, जखमेची पट्टी, डॉक्टरांची भेट हे कधीच बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरायचं नसतं.

डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी ही बॉर्डरलाइन विकारासाठी वापरली जाणारी महत्त्वाची उपचारपद्धत अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांनी विकसित केली. किशोरवयात आपण स्वतः रुग्णालयात होतो, तिथे आपल्याला वेगळ्या खोलीत बंद ठेवलं जात होतं आणि तिथेही आपण स्वतःला इजा करत होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या उपचारात दोन गोष्टी एकत्र चालतात. तू आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. नीट आखलेल्या मर्यादेतही हेच दोन सूर असतात.

प्रत्येक रुग्णाला एकच साचा नाही

बी गटातच अँटिसोशल विकाराचा रुग्ण असेल तर चित्र बदलतं. त्याला एकटं पडण्याची भीती नसते. त्याला काहीतरी हवं असतं, गोळी, सिगारेट किंवा सवलत, आणि त्यासाठी तो थंड डोक्याने गोड बोलू शकतो. "सिस्टर, तुमच्यासारखी हुशार नर्स पाहिली नाही. आजच्या दिवस एक गोळी जास्त द्या ना," असं कौतुक आणि मागणी एकाच वाक्यात आली की अनुभवी नर्स सावध होते. कौतुकावर ती काही बोलत नाही, फक्त मागणीला उत्तर देते. तिचा पत्ता, फोन नंबर, घरच्या गोष्टी ती कधी सांगत नाही. छोटंसं गुपितही राखत नाही, कारण "कुणाला सांगू नका" म्हणून घेतलेली पहिली सवलत पुढच्या मागणीचं हत्यार होते. इथे भावना समजून घेणारी लांब वाक्यं कमी आणि नियम स्पष्ट, लेखी असावे लागतात.

जमतंय हे कसं कळतं?

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. पाचव्या रात्री मुलगी पुन्हा ओरडते, पण दहा मिनिटंच. सहाव्या दिवशी आईच्या उशीखाली मोबाइल सापडतो. इन्चार्ज सिस्टर रागवत नाहीत, ठरलेली गोष्ट पुन्हा सांगतात. सातव्या संध्याकाळी मुलगी सिस्टरांकडे येते आणि म्हणते, "आज फार वाईट वाटतंय. हात कापावासा वाटतोय. बसाल का जरा?"

वॉर्डाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. तिचं दुःख संपलेलं नाही. पण जे आधी कृतीतून बाहेर पडत होतं, ते आता शब्दांतून येतंय. नर्स याच खुणा शोधते. उसळी कमी वेळ टिकते का, इजा करण्याआधी सांगितलं जातं का, वेगवेगळ्या पाळ्यांचे रिपोर्ट सारखे येतात का, आणि 'चांगली सिस्टर, वाईट सिस्टर' ही भाषा कमी होते का.

उलट खुणाही असतात. नियम रोज वाढत चालले, सिस्टर रुग्णाला टाळू लागल्या, किंवा एखादीला वाटू लागलं की आपल्याशिवाय हिला कुणी सांभाळू शकत नाही, तर मर्यादा बिघडली आहे असं समजायचं. अशा वेळी टीमने पुन्हा एकत्र बसायचं असतं. "मी पुन्हा असं करणार नाही" असं रुग्णाकडून कागदावर लिहून घेतल्याने मात्र धोका टळत नाही. त्या कागदावर विसंबून लक्ष कमी करणं ही मोठी चूक ठरते.

या वॉर्डातल्या दहा-बारा दिवसांत बॉर्डरलाइन विकार बरा होत नाही. त्यासाठी पुढे महिनोन् महिने थेरपी लागते. पण अशा लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं काळाबरोबर कमी झालेली दिसतात.

घरी काय घ्यायचं यातून?

वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलं असेल. पण त्या व्यक्तीवर 'बी गट' असं लेबल लावू नका. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं आहे. तुम्ही एक करू शकता. घरातल्या सगळ्यांनी बसून एक-दोनच मर्यादा ठरवा, त्या शांत वेळी सांगा आणि आजी, काका, मोठा भाऊ, सगळ्यांचं उत्तर एकच ठेवा. आणि त्या व्यक्तीला भांडणाशिवायचा ठरलेला वेळ रोज द्या, संध्याकाळचा चहा एकत्र घेण्याइतका साधा चालेल.

घरी तुमच्याकडे ड्यूटीवरचे डॉक्टर नसतात, हा फरक विसरू नका. जीव देण्याची भाषा कानावर आली तर ती परीक्षा घेण्याची वेळ नाही. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू दूर ठेवा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.